पाच खलाशी, एक माकड आणि उणे चार नारळ : कोडं सोडवायची पायरी-पायरीची रीत

पाच खलाशी एका बेटावर अडकले. दिवसभर नारळ गोळा करून त्यांनी एक ढीग लावला आणि वाटणी सकाळी करू म्हणून झोपले. रात्री एकाला जाग आली. बाकीच्यांवर त्याचा भरवसा नव्हता. त्यानं ढिगाचे पाच सारखे वाटे केले, एक नारळ उरला तो माकडाला दिला, आपला वाटा लपवला आणि उरलेले चार वाटे पुन्हा एका ढिगात सारून झोपी गेला. थोड्या वेळानं दुसरा उठला. त्यानंही उरलेल्या ढिगाचं तेच केलं, आणि त्यालाही एक नारळ जास्त आला, तो माकडाला. मग तिसरा, चौथा, पाचवा. सकाळी सगळे उठले, ढीग कमी झालेला प्रत्येकाला दिसत होता, पण बोलणार कोण? उरलेल्या ढिगाचे पाच सारखे वाटे झाले, पुन्हा एक नारळ उरला आणि तोही माकडाला गेला. तर सुरुवातीला ढिगात कमीत कमी किती नारळ होते?

चाळीसगावात मी शिकवणी घेतो. स्पर्धा परीक्षेची, ऑलिंपियाडची पोरं वर्षातून एकदा तरी हे कोडं घेऊन येतात. कोडं ऐकायला सोपं आणि सोडवायला बसलं की वहीची चार पानं खातं. पण एक वाट अशी आहे की उत्तर तोंडी येतं. ती वाट उणे संख्येतून जाते, म्हणून नवख्याला आधी पटत नाही. इथे ती क्रमानं मांडली आहे आणि कुठे पाय घसरतो तेही त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

लागणारं सामान

- वही, पेन्सिल.
- ७९ चिंचोके आणि २ शेंगदाणे. चिंचोक्यांऐवजी खडे चालतील. आपल्याकडे सरकी घरोघर असते म्हणून ती घ्यावीशी वाटते, पण घेऊ नका. तिच्यावरच्या रुईनं दाणे एकमेकांना चिकटतात आणि मोजणी चुकते.
- मोबाईलवरचं कॅल्क्युलेटर, किंवा ताळ्यासाठी स्प्रेडशीट.
- पूर्वतयारी एवढीच, की उणे संख्यांची बेरीज-वजाबाकी आणि घातांक यायला हवेत. सातवी-आठवीचं गणित पुरतं.

१. आधी कोड्याचा अवतार ओळखा

या कोड्याचे दोन अवतार फिरतात आणि त्यांची उत्तरं अगदी वेगळी आहेत. वर सांगितला तो जुना अवतार. त्यात सकाळच्या वाटणीतही माकडाला एक नारळ मिळतो. दुसऱ्यात रात्रीचं सगळं तसंच, पण सकाळी ढीग पाचांत बरोबर वाटला जातो आणि माकडाला काही मिळत नाही.

हा दुसरा अवतार गाजला तो एका कथेमुळे. ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या अमेरिकन साप्ताहिकाच्या ९ ऑक्टोबर १९२६ च्या अंकात बेन एम्स विल्यम्स यांची ‘कोकोनट्स’ नावाची कथा आली. तिच्यात हे कोडं होतं आणि उत्तर दिलेलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात कचेरीत दोन हजार पत्रं येऊन पडली. शेवटी संपादकानं लेखकाला तार केली : बाबा रे, नारळ किती ते सांग, इथे आग लागली आहे!

तेव्हा कुणी कोडं घातलं की पहिला प्रश्न विचारायचा, “सकाळी माकडाला मिळाला का?” हे न विचारता पाठ केलेलं उत्तर ठोकून दिलं की पाचपट चूक होते. आपण आधी जुना अवतार सोडवू. दुसरा त्यातूनच निघतो.

२. समीकरण मांडून बघा, पण त्यात रुतू नका

सुरुवातीचे नारळ न आणि सकाळी प्रत्येकाला मिळालेले स असं धरून एकेका खलाशाचं वाक्य लिहीत गेलात तर सहा समीकरणं होतात. त्यांतली मधली अक्षरं काढून टाकली की हे उरतं :

१०२४ × न = १५६२५ × स + ११५२९

न आणि स दोन्ही पूर्ण संख्या हव्यात. असली समीकरणं सोडवायची कुट्टक नावाची रीत आपल्याकडे आर्यभटापासून, म्हणजे इसवी सन ४९९ पासून आहे, आणि ‘लीलावती’तही तिच्यावर प्रकरण आहे. ती इथे लागू पडते, उत्तरही बरोबर येतं. पण एवढ्या मोठ्या आकड्यांवर कुट्टक चालवताना एक भागाकार चुकला की पुढचं सगळं पाण्यात, आणि चूक कुठे झाली ते शोधायलाच अर्धा तास जातो.

काही जण उलटे येतात. सकाळचा वाटा १ धरू, मग २, मग ३, आणि मागे मागे जाऊ. त्यात प्रत्येक पायरीला हातातल्या संख्येला ४ नं पूर्ण भाग जावा लागतो, कारण मागच्या खलाशानं सोडलेला ढीग चार सारख्या वाट्यांचा होता. एक-दोन पायऱ्या जमतं आणि मग अपूर्णांक येतो. बरोबर वाटा १०२३ आहे हे पुढे दिसेलच. एकेक संख्या घेत तिथवर कोण जाणार?

समीकरण वहीत राहू द्या. पुढे एका ठिकाणी ते कामाला येईल.

३. दोन उत्तरांमध्ये अंतर किती, ते काढा

इथे थोडं थांबून विचार करा, कारण युक्तीचा अर्धा जीव या पायरीत आहे. कमीत कमी उत्तर किती हे तूर्त विसरा. समजा दोन वेगवेगळे ढीग आहेत आणि दोघांवरही कोड्याची गोष्ट बिनचूक घडते. त्या दोन ढिगांत फरक किती असू शकेल?

पहिला खलाशी दोन्ही ढिगांतून माकडाला एकेक नारळ देतो, त्यामुळे फरक तसाच राहतो. मग दोन्ही ढिगांचे पाच पूर्ण वाटे होतात, म्हणजे फरकालाही ५ नं पूर्ण भाग जायला हवा. एक वाटा बाजूला गेल्यावर फरकाचा चार-पंचमांश उरतो. दुसऱ्या खलाशाच्या वेळी या उरलेल्या फरकाला पुन्हा ५ नं भाग जायला हवा. आता ४ मध्ये ५ चा अवयव नाही, म्हणून ४ नं गुणल्यानं नवा ५ मिळत नाही. प्रत्येक वाटणीला लागणारा ५ मूळ फरकातच असायला हवा. वाटण्या एकूण सहा, पाच रात्रीच्या आणि एक सकाळची. म्हणजे फरकात ५ सहा वेळा हवा :

५ × ५ × ५ × ५ × ५ × ५ = १५६२५

उलटही खरं आहे. बरोबर असलेल्या ढिगात १५६२५ नारळ वाढवले तर कुणाच्याच वाटणीला धक्का लागत नाही. वाढीव नारळांचे १५६२५, १२५००, १००००, ८०००, ६४००, ५१२० असे टप्पे होतात आणि प्रत्येकाला ५ नं पूर्ण भाग जातो. माकडाचा तो एक नारळ कुठेच बदलत नाही.

यातून दोन गोष्टी हाती येतात. एक, १ पासून १५६२५ पर्यंतच्या संख्यांत बरोबर उत्तर एकच असणार. दोन, कुठलंही एक उत्तर सापडलं, कितीही मोठं असो, कितीही विचित्र असो, की त्यात १५६२५ मिळवत किंवा वजा करत हव्या त्या उत्तरावर पोचता येतं.

इथला सापळा घातांकाचा. खलाशी पाच म्हणून ५ पाच वेळा घेऊन ३१२५ लिहिणारे पुष्कळ असतात. मोजायच्या त्या वाटण्या, खलाशी नव्हे.

४. वाटूनही न हलणारा ढीग शोधा

आता कुठलंही एक उत्तर हवं आहे. सगळ्यात सोयीचं उत्तर कोणतं? ज्या ढिगातून खलाशी आपला वाटा घेऊन गेला तरी ढीग होता तेवढाच राहतो, ते. असा ढीग एका खलाशाला चालला की दुसऱ्यालाही चालणार, तिसऱ्यालाही, कारण प्रत्येकाच्या पुढ्यात तोच ढीग येणार. सहा वाटण्या तपासायची गरजच उरत नाही, एक तपासली की झालं.

खऱ्या नारळांत असा ढीग नाही. माकडाला दिला, वाटा काढला, ढीग घटणारच. म्हणून उणे संख्येत जायचं. न हलणारा ढीग ढ मानला तर त्यातून १ काढून चार-पंचमांश ठेवल्यावर पुन्हा ढ यायला हवा :

(ढ − १) × ४ ÷ ५ = ढ

४ढ − ४ = ५ढ, म्हणून ढ = −४.

तपासा. ढिगात उणे चार नारळ आहेत. माकडाला एक दिला, उणे पाच झाले. इथेच निम्मी पोरं उणे तीन लिहितात. देणं म्हणजे वजा करणं, आणि −४ मधून १ वजा केला की −५. मग पाच वाटे केले, एकेका वाट्यात उणे एक. खलाशानं आपला उणे एक उचलला. −५ मधून −१ गेला, राहिले −४. होता तसा ढीग.

म्हणजे खलाशाच्या वाट्याला उणे एक आला आणि माकडाला अधिक एक मिळाला. दोघांचा मेळ शून्य, मग ढीग हलणार कुठून? दुसऱ्या पायरीतल्या समीकरणात न = −४, स = −१ घालून बघा. डावीकडे −४०९६ येतात. उजवीकडे −१५६२५ + ११५२९, तेही −४०९६. कुट्टक चालवून जे मिळवायचं ते एका ओळीत मिळालं.

“पण ४ भागिले ५ केल्यावर बाकी ४ येते, १ कुठे येते?” असं कुणी तरी विचारतंच. −४ = ५ × (−१) + १. बाकी अधिक धरायची हा शाळेतलाच नियम आहे आणि त्या नियमानं −४ ला ५ नं भागल्यावर बाकी १ च येते. संगणकावर तपासणाऱ्यांनी जरा जपावं. स्प्रेडशीटमध्ये `=MOD(-4,5)` किंवा पायथनमध्ये `-4 % 5` लिहिलं तर १ येतो, पण सी किंवा जावामध्ये `-4 % 5` चं उत्तर −४ मिळतं. तिथे रीत चुकलेली नसते, भाषेचा संकेत वेगळा असतो.

५. “उणे नारळ असतात का?” या प्रश्नावर अडू नका

हा प्रश्न दरवेळी येतो. अहिराणीत येतो तेव्हा जास्तच रोकडा असतो, “सर, उणा नारय कोठे भेटतस?” प्रश्न योग्यच आहे आणि तो आमच्या शेजारीच नऊशे वर्षांपूर्वी विचारून झाला आहे.

चाळीसगावजवळ पाटणादेवी आहे. तिथल्या पाटण गावच्या १२०७ सालच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. त्याच भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त माकडांचं एक उदाहरण आहे. माकडांच्या कळपाचा पाचवा हिस्सा घ्यायचा, त्यातून तीन वजा करायचे आणि वर्ग करायचा. तेवढी माकडं गुहेत गेली आणि एक फांदीवर बसलेलं दिसलं, तर कळप केवढा?

वर्गसमीकरण सोडवलं की दोन उत्तरं येतात, ५० आणि ५. पन्नासचा पाचवा हिस्सा १०, त्यातून ३ गेले ७, वर्ग ४९, आणि फांदीवरचं एक, झाले ५०. पाच घेतले तर पाचवा हिस्सा १, त्यातून ३ गेले −२, वर्ग ४, अधिक एक, ५. आकडेमोड दोन्हीकडे चोख. तरी भास्कराचार्य दुसरं उत्तर घेत नाहीत. उणे दोन माकडांच्या संख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही, असं कारण ते देतात.

ते बरोबरच होते. ते उत्तर सांगत होते आणि उत्तरात उणे माकडं चालत नाहीत. आपणही उत्तरात उणे नारळ ठेवणार नाही. −४ हे उत्तर म्हणून द्यायचं नसतं, मोजणी सुरू करायची खूण म्हणून घ्यायचं असतं. तिसऱ्या पायरीत दोन उत्तरांमधलं अंतर काढताना ढीग अधिक असावा अशी अट कुठेही घातली नव्हती, फक्त पूर्ण संख्या हवी होती. म्हणून खूण शून्याच्या खाली असली तरी तिच्यापासून धरलेलं अंतर खरंच राहतं. जे पोरगं “हे काय, उत्तर उणे आलं” म्हणून इथे वही मिटतं, त्याचं एक पाऊल राहिलेलं असतं.

६. एक अंतर वर या

−४ + १५६२५ = १५६२१

हेच कमीत कमी उत्तर. याच्या खालचं उत्तर −४ आणि मध्ये दुसरं कुणी नाही.

ही युक्ती भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक यांच्या नावावर सांगितली जाते. डिरॅक यांनी मात्र ती आपल्याला गणिती व्हाइटहेड यांच्याकडून कळली असं सांगितलं होतं.

७. चिंचोक्यांवर करून बघा

पटलं तरी हाताला पटत नाही, म्हणून ही पायरी. पंधरा हजार चिंचोके कुणी आणणार नाही, तेव्हा खलाशी तीन घेऊ. न हलणारा ढीग −२ (एक वजा केला −३, तीन वाटे −१ चे, एक उचलला, राहिले −२). वाटण्या चार, तीन रात्रीच्या आणि एक सकाळची, म्हणून अंतर ३ × ३ × ३ × ३ = ८१. उत्तर ८१ − २ = ७९.

७९ चिंचोके ताटात घ्या आणि त्यांत २ शेंगदाणे उसने टाका. हे दोन दाणे म्हणजेच आपले उणे दोन, फक्त दुसऱ्या बाजूनं पाहिलेले. खात्यावर दोनचं देणं होतं, ते उसनवारीनं भरून काढलं. आता ताटात ८१ नग आहेत.

पहिल्या खलाशासाठी २७-२७ चे तीन ढीग करा. दोन्ही शेंगदाणे खलाशी नेणार नाही अशा ढिगांत राहू द्या. खलाशाच्या ढिगात २७ चिंचोके आले. त्यातला एक माकडाला द्या, त्याला २६ राहिले. गोष्टीत काय घडायला हवं होतं? ७९ मधून एक माकडाला, उरलेल्या ७८ चा तिसरा हिस्सा २६. तंतोतंत तेच. उसन्या दाण्यांमुळे वाटा एकानं फुगतो आणि फुगलेला तो एक माकडाच्या हातात जातो.

ताटात राहिले ५४, त्यांत ते दोन शेंगदाणे आहेतच. दुसऱ्यासाठी १८ चे तीन ढीग. एक माकडाला, १७ त्याला, ताटात ३६. तिसऱ्यासाठी १२ चे तीन, एक माकडाला, ११ त्याला, ताटात २४. सकाळी ८ चे तीन ढीग. दोन ढिगांत एकेक शेंगदाणा पडेल असं बघा. ते दोन शेंगदाणे उचलून परत डब्यात टाका, तिसऱ्या ढिगातला एक चिंचोका माकडाला द्या. तिघांना सात-सात उरले. उसनं घेतलेलं शेवटपर्यंत ताटात राहिलं आणि जसंच्या तसं परत गेलं.

या खेळात उणे शब्द उच्चारावाही लागत नाही. लहान वर्गात मी हाच प्रकार आधी घेतो आणि −२ नंतर फळ्यावर लिहितो.

८. ताळा करा

उत्तर आलं म्हणून वही मिटू नका. ताळा चार ओळींचं काम आहे. स्प्रेडशीटच्या A1 मध्ये 15621 लिहा, A2 मध्ये खालचं सूत्र, आणि ते A7 पर्यंत ओढा.

```
=(A1-1)*4/5
```

खाली १२४९६, ९९९६, ७९९६, ६३९६, ५११६, ४०९२ असं दिसलं पाहिजे. एकही दशांश चिन्ह दिसलं की उत्तर चुकलं. A6 मधले ५११६ हा सकाळचा ढीग. त्यातून माकडाचा एक काढून पाचांत वाटला की १०२३.

कोणाला किती मिळाले ते बघण्यात मजा आहे. पहिल्यानं रात्री ३१२४ लपवले आणि सकाळी १०२३ घेतले, एकूण ४१४७. दुसऱ्याला ३५२२, तिसऱ्याला ३०२२, चौथ्याला २६२२, पाचव्याला २३०२. माकडाला ६. बेरीज १५६२१. म्हणजे लबाडी पाचांनीही केली, पण जो शेवटी उठला त्याच्या पदरात पहिल्याच्या रुपयाला जेमतेम नऊ आणेच पडले. नेमका आकडा रुपयाला साधारण ५५ पैसे.

९. सकाळी माकडाला मिळाला नसेल तर

आता दुसरा अवतार. इथे घाई करून “वाटण्या पाचच धरू, ३१२५ − ४ = ३१२१” असं लिहिणारे असतात आणि उत्तर बरोबरही येतं. पण का आलं हे कळलं नाही तर पुढच्या गणितात दगा होतो.

रीत अशी. रात्रीच्या पाच वाटण्यांसाठी −४ पासून ३१२५ च्या पटीत वर यायचं. म्हणजे सुरुवातीचा ढीग ३१२५ × क − ४, जिथे क म्हणजे १, २, ३ असं काहीही. रात्र संपली की ढीग १०२४ × क − ४ उरतो. सकाळी याला ५ नं पूर्ण भाग जायला हवा. क = १ घेतला की १०२०, भाग जातो, २०४ चा वाटा. म्हणून ३१२१.

चार खलाशांवर हेच करून बघा. न हलणारा ढीग −३. रात्रीच्या चार वाटण्या, सुरुवातीचा ढीग २५६ × क − ३, रात्रीनंतर ८१ × क − ३. क = १ घेतला की ७८, ४ नं भाग जात नाही. क = २ ला १५९, नाही. क = ३ ला २४०, जातो. म्हणून उत्तर २५६ × ३ − ३ = ७६५. पहिल्याच क वर थांबून २५३ लिहिलं असतं तर सकाळी ७८ नारळ चौघांत वाटताना भांडण झालं असतं. खलाशी विषम असतील तर क = १ चालतो. सम असतील तर क खलाशांच्या संख्येहून एकनं कमी घ्यावा लागतो. पाठ करण्यापेक्षा शेवटचा भाग जातो का हे बघणं बरं.

१०. रीत कुठे वळते आणि कुठे अडते

माकडाला दरवेळी एकाऐवजी दोन नारळ मिळत असतील तर न हलणारा ढीग दुप्पट खोल जातो, −८. पाच खलाशी, सकाळीही दोन, तर उत्तर १५६२५ − ८ = १५६१७.

खलाशी आधी पाचवा हिस्सा काढतो आणि मग उरलेल्या ढिगातून माकडाला एक देतो, असा क्रम असेल तर −४ चालणार नाही. ढ चा चार-पंचमांश घेऊन १ वजा केल्यावर पुन्हा ढ यायला हवा, म्हणून ढ = −५. कोड्यातल्या एका शब्दानं, ‘आधी’ की ‘मग’, उत्तर हलतं. म्हणून −४ पाठ करू नका, दरवेळी ती एक ओळ मांडून ढ काढा.

पहिल्यानं माकडाला एक दिला, दुसऱ्यानं दोन, तिसऱ्यानं तीन असं असेल तर ही वाट बंद. प्रत्येक खलाशाचा न हलणारा ढीग वेगळा, सगळ्यांना सामाईक असा एकही नाही. तिथे दुसऱ्या पायरीतलं समीकरण मांडून कुट्टकाकडेच जावं लागतं. उत्तरांमधलं अंतर मात्र तिथेही खलाशांच्या आकड्यावरूनच निघतं, एवढी मदत राहते.

सरावाला दोन गणितं देतो. चार खलाशी, जुना अवतार : उत्तर १०२१. त्याचा ताळा करताना दुसऱ्या ओळीत ७६५ येतो, म्हणजे नवव्या पायरीतलं उत्तर. का, ते शोधा. आणि सात खलाशी, सकाळी माकडाला काही नाही : ७ चा सातवा घात ८२३५४३, त्यातून ६ गेले, ८२३५३७.